आखाजीचा बाजार

[दृश्य: बोरी नदीचं कोरडं पात्र. काठावरच्या लिंबाला बांधलेला झोका.]

१० मे २०२४, शुक्रवार. अमळनेर तालुक्यातलं एक बाजाराचं गाव. आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरवाशिणी आल्यात, घराघरात पितरांची घागर भरली जातेय. आणि खानदेशात आजच सालदाराचं साल संपतं. मालकाशी हिशेब होतो. पटलं तर पुढचं साल ठरतं, नाही पटलं तर माणूस गाठोडं उचलतो.

बाजारपेठेतल्या ह्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात डॉक्टर १९७८ पासून बसतात. गाव त्यांना आबा म्हणतं, आपणही तेच म्हणू. दवाखाना बंद करायचा दिवस त्यांनीच निवडला. ‘मीपण सालदारच,’ म्हणाले. ‘माझं साल जरा लांबलं, एवढंच.’

[दृश्य: टेबल. कोरा कागद, शाईचं पेन. कागदाच्या कोपऱ्यात जुना पाच आकडी फोन नंबर.]

पेशंटांना निरोपाचं पत्र लिहायचं म्हणून ते पहाटेच बसले. पहिला खर्डा आमच्यासमोरच फाटला. त्यात ऋणानुबंध होता, आपलं प्रेम होतं, चुकलंमाकलं माफ करा होतं. आबांनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, ‘ह्यात औषध कुठंय?’

दुसऱ्या खर्ड्याची पहिली ओळ अशी: ‘आजपासून दवाखाना बंद आहे. तुमची गोळी बंद नाही.’

[दृश्य: पत्र्याचे बिस्किटाचे डबे, प्रत्येकावर एकेका गावाचं नाव. आबांची बोटं कार्डं चाळताहेत.]

आबांची सगळी मालमत्ता ह्या डब्यांत आहे. डबा गावाचा, त्यात गठ्ठा घराचा, गठ्ठ्यात माणसाचं कार्ड. सासूच्या कार्डामागे सुनेचं. आजोबांना दमा होता, हे नातवाला खोकला झाला की लगेच हाताशी.

आता ह्या कार्डांचं काय करायचं? पेशंटने कागद मागितले तर डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत द्यावेत, असं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. पण मागतं कोण? दवाखाना बंद होतो, शटर पडतं आणि चाळीस वर्षांचे कागद रद्दीत जातात. पेशंट नव्या डॉक्टरसमोर बसून सांगतो, ‘एक पांढरी गोळी होती, एक जराशी गुलाबी.’ आम्ही ही फिल्म करायला घेतली ती ह्याच वाक्यामुळे, हे लपवत नाही.

आबांनी कुणी मागायची वाट पाहिली नाही. पत्रासोबत ज्याचं कार्ड त्याच्या हातात. आणि ज्यांचं औषध चुकवून चालणार नाही, त्यांच्या पत्राच्या पाठीमागे स्वतंत्र मजकूर. त्यातला एक आम्हाला पूर्ण चित्रित करता आला.

[दृश्य: एक पिवळं पडलेलं कार्ड. तारखांच्या रांगाच रांगा.]

हे कार्ड १९९९ सालचं. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. आधी घसा दुखला, तो आपोआप बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला आणि गुडघा सुजला. गुडघा उतरला तर घोटा धरला, घोटा सुटला तर मनगट. घरच्यांना वाटलं, खेळताना पडली असेल. आबांना खटकलं ते हे दुखण्याचं गावोगाव फिरणं. छातीला स्टेथोस्कोप लावला तर ठोक्यासोबत फुंकरीसारखा आवाज. कार्डावर लाल शाईत लिहिलंय: ‘संधिवाताचा ताप. झडप?’ धुळ्याला सोनोग्राफी झाली आणि प्रश्नचिन्ह खोडलं गेलं.

ह्या आजारात सांधे दुखून मोकळे होतात, हृदयाची झडप मात्र धरली जाते. घशातल्या जंतूशी लढताना शरीर स्वतःच्याच झडपेवर उठतं. तो जंतू पुन्हा घशात आला की पुन्हा वार. म्हणून त्याला येऊच द्यायचं नाही. त्यासाठी बेंझाथिन पेनिसिलिन, मोठ्या माणसाला बारा लाख युनिट, कुल्ल्यात खोलवर. औषध स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरतं, पण तीन आठवड्यांनंतर त्याचा जोर कमी होऊ लागतो.

काही ठिकाणी ते चार आठवड्यांनी देतात. आबांनी एकवीस दिवस धरले, आणि त्यात गावातल्या माणसाची हुशारी आहे. एकवीस दिवस म्हणजे तीन आठवडे पुरे. वार बदलत नाही. शुक्रवारचा बाजार तो शुक्रवारचाच बाजार. तारीख विसरणारा माणूसही बाजार विसरत नाही.

[दृश्य: आबांच्या तळहातात बाटली. जवळून.]

हा हात बघा. बाटलीत पांढरी भुकटी आहे. त्यात पाणी सोडायचं आणि दुधासारखं होईपर्यंत हलवायचं. मग मुठीत धरून ठेवायचं, थंड औषध जास्त दुखतं म्हणून. सुई जाड लागते, कारण हे औषध विरघळत नाही, नुसतं तरंगतं आणि बारीक सुईत अडकतं. मध्येच थांबलं तरी अडकतं. एका दमात, पण सावकाश. शेजारी ॲड्रिनलिन भरायची तयारी. पेनिसिलिनची भयंकर रिॲक्शन क्वचितच येते, पण आली तर मिनिटांचा खेळ असतो. त्याच धास्तीने पुष्कळ दवाखाने हे इंजेक्शन द्यायलाच तयार होत नाहीत.

[दृश्य: बाकड्यावर बसलेली बाई. पायाशी बाजाराची पिशवी, त्यातून डोकावणारी भरताची वांगी.]

ती मुलगी आता चौतीस वर्षांची आहे. मधल्या काळात एकदा चुकलं. लग्न झालं, सासरी कुणाला सांगितलं नाही, सात-आठ महिने सुई नाही. मग जिना चढताना दम, रात्री आडवं पडलं की दम. झडप आकसली होती. मुंबईला नेऊन फुग्याने ती उघडली. तेव्हापासून एकही बाजार चुकलेला नाही. वर्षाला सतरा-अठरा सुया.

आबा तिच्या पत्रामागे लिहिताहेत, आणि मजकूर तिच्यासाठी नाहीच. तो तिच्या पुढच्या डॉक्टरसाठी आहे. ‘फुग्याने झडप उघडलेली आहे. आता बरी दिसते म्हणून बंद करू नये. चाळिशीपर्यंत तरी द्यावे, पुढचे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवावे. आजवर रिॲक्शन नाही. दात काढायचा झाल्यास आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे.’ खाली मराठीत, मोठ्या अक्षरांत, तिच्यासाठी एकच ओळ: ‘घसा दुखला तर थांबू नको.’

ती विचारते, ‘आबा, आते मनी सुई कोन टोची?’

[दृश्य: आबांचा चेहरा. निवेदन नाही. दहा सेकंद.]

दवाखाना चालवायला नवं कुणी आलं नाही. एकवीस दिवसांच्या यादीत सात जण होते. आबांनी सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना सातही नावं लिहून दिली. पाच जण तिथे पोचले. दोघांची गाठ आम्हाला पडली नाही.

[दृश्य: दुपार. बाजार उठतोय. दवाखान्याचा पंखा बंद होतो.]

कार्डावर आजची तारीख पडली, पुढे आबांची सही. त्याखाली त्यांनी पुढची तारीख घातली: ३१ मे, शुक्रवार. सहीची जागा मोकळी सोडली आणि कार्ड तिच्या पिशवीत, वांग्यांच्या वर, सरळ ठेवलं.