एच-1बीवर असताना नोकरी गेली: 60 दिवस नेमके कुठून मोजायचे?

नमस्कार मंडळी. अमेरिकेत एच-1बीवर आहात आणि ले-ऑफचा ईमेल आलाय. रिझ्युमे नंतर उघडा, आधी एचआरला एक प्रश्न लेखी विचारा: 'माझी नोकरीची शेवटची तारीख कोणती?'

नोकरी गेल्यावर अमेरिकेत थांबायला मिळणारा 60 दिवसांचा ग्रेस पीरियड या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला, तो शेवटचा दिवस धरतात. इथेच गफलत होते. 'मला तीन महिन्यांचा सेव्हरन्स मिळालाय, म्हणजे तीन महिने आहेत,' असं बरेच जण समजतात. तसं नाही. सेव्हरन्सने एक दिवसही वाढत नाही. काम बंद पण पगार चालू, अशी नोटीस असेल तर तारीख वकिलाकडून पक्की करून घ्या.

दुसरं, आय-94 बघा, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येतं ते दाखवणारी प्रवेशाची नोंद. त्याची मुदत 60 दिवसांच्या आत संपत असेल, तर तुमचे दिवसही तिथेच संपतात.

आता हिशोब करू. समजा, डॅलसमधल्या एका इंजिनिअरची शेवटची तारीख 10 मार्च आहे. 11 मार्च हा पहिला दिवस, साठावा येतो 9 मे रोजी. तोपर्यंत नुसती ऑफर हातात असून चालत नाही. नव्या कंपनीची पिटिशन यूएससीआयएसकडे पोचलेली हवी. त्याआधी कंपनीला कामगार खात्याकडून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींचा अर्ज, मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात साधारण सात कामकाजाचे दिवस जातात. वर वकिलाची कागदपत्रं. म्हणून मी तरी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ऑफर हातात हवी, असंच धरेन. इंटरव्ह्यूच्या पहिल्याच फेरीत सांगा: एच-1बी ट्रान्सफर हवी, पुन्हा लॉटरीत जायची गरज नाही. लॉटरीच्या धास्तीने मागे हटणाऱ्या छोट्या कंपन्या हे ऐकून पुन्हा विचार करतात. शेवटच्या पगाराच्या स्लिप मात्र लॅपटॉप परत करण्याआधी उतरवून घ्या. पिटिशनला त्या लागतात.

पिटिशन मुदतीत पोचली, की मंजुरीची वाट न बघता नव्या ठिकाणी काम सुरू करता येतं.

आणि ऑफर नाहीच मिळाली तर? 9 मेच्या आत आय-539 हा स्टेटस बदलण्याचा अर्ज भरून बी-2, म्हणजे पर्यटकाचा स्टेटस, मागता येतो. जोडीदार एच-1बीवर असेल तर एच-4. बी-2चा अर्ज प्रलंबित असताना थांबता येतं, पण काम अजिबात नाही. आणखी एक तोटा कुणी सांगत नाही: साठावा दिवस उलटल्यावर ऑफर आली, तर नुसत्या पिटिशनवर कामाला लागता येत नाही. मंजुरी येईपर्यंत थांबावं लागतं. अशा वेळी कंपनीला प्रीमियम प्रोसेसिंगची फी भरायला सांगा. निर्णय 15 कामकाजाच्या दिवसांत अपेक्षित असतो.

भारतात परतायचं ठरलं, तर विमानाचं तिकीट स्वतः काढण्याआधी जुन्या कंपनीला विचारा. व्हिसाची मुदत संपण्याआधी कंपनीनेच काढून टाकलं असेल, तर तुमच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च द्यायला ती कायद्याने बांधील असते. फक्त तुमचा, कुटुंबाचा नाही.