कच्चं की उकडलेलं? अंड्याला विचारा

ताट पालथं घातलंय, स्टीलचं, त्यावर अंड्याला गिरकी द्यायची. घरी शहाबादी फरशीवर करायला जाऊ नका हं, खडबडीत असते, अंडं अडखळतं आणि आपल्याला वाटतं कच्चंच आहे.

काल सोलापुरात आमच्या घरी हेच झालं, उकडलेली चार अंडी गार झाल्यावर कुणीतरी परत ट्रेमध्येच ठेवली, कच्च्यांच्या शेजारी, आता ओळखणार कशी? फोडून बघितलं तर एक वाया. मग एकेक घेऊन गिरकी दिली. हे बघा, एक झपाझप फिरतंय, जोरात दिली तर भोवऱ्यासारखं टोकावर उभंसुद्धा राहतं. दुसऱ्याला तेवढाच जोर दिला, तर ते डुगडुगत दोन-चार फेऱ्यांत गळपटलं. हे कच्चं.

असं का? भरलेला चहाचा कप पटकन गोल फिरवा, वर तरंगणारी चहाची पत्ती आहे तिथंच राहते, कप एकटाच फिरतो. अंड्यात तेच. बोटांनी आपण फक्त कवच फिरवतो, आतल्या पातळ बलकाला कुणी धरलेलं नसतं. कवचाला चिकटलेला थर आधी ओढला जातो, मग त्याच्या आतला, मग त्याच्या आतला, आणि या घासाघाशीत आपण दिलेला जोर जिरून जातो. उकडलेलं म्हणजे एकच गठ्ठा, सगळं एकदम फिरतं.

तरी शंका असेल तर फिरत्या अंड्यावर बोट ठेवायचं आणि लगेच उचलायचं. उकडलेलं थांबलं की थांबलं. कच्चं मात्र बोट उचलताच त्याच दिशेला परत हळूहळू फिरायला लागतं! अहो, ५५ ग्रॅमच्या अंड्यात कवच असतं जेमतेम सहा ग्रॅम, आपण थांबवलं ते तेवढंच, आतला ऐवज अजून फिरतोच आहे, तो कवचाला ओढून नेतो. फक्त दोन चुका टाळा. गिरकी दिल्या दिल्या बोट लावलं तर आतलं अजून फिरायलाच लागलेलं नसतं, आणि बोट पाच-सहा सेकंद दाबून धरलं तर आतलंही शांत होतं. दोन्हीकडं कच्चं अंडं उकडलेल्यासारखं वागतं आणि आपण फसतो.

मागून एका ताईंनी विचारलंय, अर्धवट उकडलेलं ओळखू येईल का? नाही येत हो, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. उकडताना बाहेरचं पांढरं आधी घट्ट होतं, पातळ राहतो तो मधला पिवळा. तो फिरण्याच्या मध्याजवळच बसलेला, त्यामुळं त्याचं फिरणं-न फिरणं बाहेर फारसं जाणवतच नाही, भोवतीचा पांढरा गठ्ठा आणि कवच मिळूनच सगळं ठरवतात. म्हणून ते पूर्ण उकडल्यासारखंच झपाझप फिरतं, बोट लावलं की गप उभं राहतं, आणि सोलून चावा घेतला की शर्टावर पिवळा ओघळ.