नाव न विचारताही मूल ओळखू येतं

(रत्नागिरी जिल्ह्यातील बी.एड. प्रशिक्षणार्थींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

छात्राध्यापक मित्रमैत्रिणींनो, संशोधनाच्या नैतिक मंजुरीचे अर्ज मी समितीवर बसून वाचतो. आज मी त्यातल्या एकाच वाक्याबद्दल बोलणार आहे. ते वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं आणि बरेच अर्ज तिथेच अडतात: ‘माहिती निनावी गोळा केली जाईल आणि विद्यार्थी केव्हाही माघार घेऊ शकतील.’

एका छात्राध्यापिकेचा अर्ज सांगतो. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत. खाडीकाठची शाळा, आठवीचा वर्ग, पटावर 23 मुलं. मुलं गैरहजर का राहतात, हे तिला शोधायचं होतं. प्रश्नावलीत नाव विचारलेलं नव्हतं. पण सुरुवातीलाच तीन प्रश्न होते: वाडी कोणती, मुलगा की मुलगी, वडील काय करतात. पुढचा प्रश्न, शाळेआधी कोणतं काम करावं लागतं?

आम्ही तिला म्हटलं, हजेरीपट घेऊन बस आणि या तीन उत्तरांवरून कोण कोण ओळखू येतं ते बघ. एका वाडीतून येणारी मुलगी एकच होती आणि तिचे वडील बोटीवर खलाशी. तिने ‘पहाटे जेटीवर मासळी निवडायला जाते’ असं लिहिलं असतं, तर तो कागद कुणाचा हे शाळेतल्या कुणीही सांगितलं असतं. अशी एकेकटी सापडणारी 9 मुलं निघाली. मोठ्या शहरातल्या शाळेत हाच कागद कदाचित निनावी राहिला असता. आपल्याकडे वाडी म्हणजे अर्धं नावच.

मग तिला विचारलं, वाडी कशाला हवी? तिला खरं तर अंतर हवं होतं. तेव्हा प्रश्न झाला, ‘शाळेत यायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागतो का?’ वडिलांच्या व्यवसायाचा तिच्या विश्लेषणात उपयोगच नव्हता, तो प्रश्न गेला.

आता त्या वाक्याचा दुसरा भाग. कागद खरोखर निनावी असेल, तर पेटीत पडल्यावर तो कुणाचा हे तुम्हालाही कळत नाही. मग महिन्याभराने एखाद्या मुलाने माघार घेतली तर काढणार कोणता कागद? म्हणून निनावी सर्वेक्षणात स्पष्ट लिहा: कागद पेटीत टाकेपर्यंतच माघार घेता येईल. हिला मात्र दिवाळीआधीची आणि नंतरची उत्तरं ताडून बघायची होती, म्हणजे प्रत्येक मुलाला सांकेतिक क्रमांक देणं भाग होतं. तो तिने हजेरी क्रमांकच ठेवला होता! हजेरी क्रमांक म्हणजे नावच. चिठ्ठ्या टाकून क्रमांक काढायला लावले. नाव आणि क्रमांक यांची यादी मार्गदर्शकांच्या कपाटात कुलूपबंद, उत्तरं तिच्या संगणकावर पासवर्ड लावून. दुसरी फेरी झाली की पंधरा दिवस माघारीला, मग यादी फाडून टाकायची. ही तारीख संमतीपत्रातही हवी. ‘माहिती सुरक्षित ठेवली जाईल’ एवढं पुरत नाही: कुठे, कुणाच्या ताब्यात आणि कधीपर्यंत, हे लिहा. उत्तरपत्रिकांचे मोबाइलवर फोटो काढू नका. ते बऱ्याचदा आपोआप तुमच्या ऑनलाइन खात्यात चढतात आणि अर्जातला पासवर्डचा मुद्दा तिथेच खोटा पडतो.

संमतीपत्रांवर तिने मुख्याध्यापकांची सही घेतली होती. ती शाळेत येण्याची परवानगी झाली, पालकांची संमती नव्हे. ‘आठ दिवसांत उत्तर न आल्यास संमती समजू’ हेही तिने लिहिलं होतं. ते आम्ही खोडलं, कारण न आलेला कागद बहुधा दप्तरातच राहिलेला असतो. काही मुलांचे आईवडील दोघंही मुंबईत, मूल आजीजवळ. तिने वेळापत्रक बदललं आणि गणपतीला चाकरमानी गावी आले तेव्हा घरी जाऊन सह्या घेतल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना संमतीपत्र वाचून दाखवलं आणि अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही घेतली. साक्षीदार शाळेतला नको, हे मी आग्रहाने सांगतो.

पालकांनी हो म्हटलं तरी मुलाचा होकार वेगळा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 12 ते 18 वयाच्या मुलांचा होकार लेखी घ्यायला सांगितलं आहे. पण तास घेणाऱ्या बाईंना तोंडावर नाही कोण म्हणेल? म्हणून प्रश्नावली भरायच्या दिवशी वर्गात दुसरी छात्राध्यापिका गेली. सगळ्यांना सारखाच बंद लिफाफा दिला. ज्यांची संमती किंवा होकार नव्हता त्यांच्या लिफाफ्यात शब्दकोडं होतं. ऐन वेळी नको वाटलं तर कागद कोराच ठेवायचा. सगळ्यांनी लिफाफा बंद करून पेटीत टाकला. कोणी भाग घेतला आणि कोणी नाही, हे शेजारच्या बाकावरच्यालाही कळलं नाही.