ॲपवर हिरवी खूण, कार्डावर थकबाकी

मंडळी, क्रेडिट कार्डाच्या बिलाबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी असते: "ॲपवरून पैसे भरले, खात्यातून गेले, हिरवी खूण आली, तरी बँक म्हणते बिल थकलंय, आणि वर लेट फी." या तक्रारीत बहुतेक वेळा कुणीच खोटं बोलत नसतं. ग्राहकाचे पैसे खरंच गेलेले असतात आणि बँकेला ते खरंच मिळालेले नसतात. मधे काय होतं, तेवढंच आज बघू.

ॲपवरून बिल भरताना आपल्याला एकच व्यवहार दिसतो, पण आतून ते दोन असतात. पहिल्यात यूपीआयने आपल्या बचत खात्यातले पैसे ॲपकडे किंवा ॲपच्या बँकेकडे जातात. दुसऱ्यात "अमुक कार्डाचं इतकं बिल भरलं" हा निरोप कार्डाच्या बँकेकडे जातो. हा दुसरा रस्ता म्हणजे भारत बिल पेमेंट सिस्टीम, जिला आता 'भारत कनेक्ट' म्हणतात. पूर्वी काही ॲप्स कार्डाच्या नंबरावर थेट एनईएफटी किंवा आयएमपीएस करून टाकायची. रिझर्व्ह बँकेने ३० जून २०२४ नंतर कार्डाची बिलं याच सिस्टीममधून जावीत असं सांगितलं, त्यामुळे आता निदान मागोवा घेता येतो.

हिरवी खूण पुष्कळदा पहिला व्यवहार पुरा झाल्याची असते. दुसरा त्याच क्षणी पुरा होईलच असं नाही. निरोप पोचला आणि बँकेने तो कार्डाच्या खात्यात अजून चढवला नाही, तर एखाद-दोन कामाच्या दिवसांत ते होतं. ही साधी उशिराची गोष्ट. त्रास देतो तो दुसरा प्रकार. निरोप मधेच अडकतो, ॲपवर 'प्रोसेसिंग' दिसत राहतं, आणि काही दिवसांनी ते पेमेंट फेल ठरून पैसे गुपचूप आपल्या बचत खात्यात परत येतात. परतीचा एसएमएस येतो, पण दिवसाला वीस एसएमएस येणाऱ्या माणसाच्या तो नजरेत भरत नाही. तो निर्धास्त असतो, कारण त्याने बिल 'भरलेलं' असतं.

एक हिशेब धरू. आकडे उदाहरणापुरते, फीचे टप्पे आणि व्याजाचा दर प्रत्येक बँकेचा वेगळा असतो. कुणी ५ ऑगस्टला १८,४०० रुपयांचा फ्रिज कार्डावर घेतला. बिल २५ ऑगस्टला निघालं, भरायची शेवटची तारीख १४ सप्टेंबर. त्यांनी १४ ला रात्री पावणेअकराला ॲपवरून पूर्ण रक्कम भरली. दुसरा व्यवहार अडकला, १७ तारखेला पैसे खात्यात परत आले. त्यांना ते कळलं २० ला, आणि त्यांनी त्याच दिवशी बँकेच्या साइटवरून बिल भरलं.

आता लेट फी. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार बिल तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं, तरच बँकेला लेट फी लावता येते आणि क्रेडिट ब्युरोला थकबाकी कळवता येते. म्हणजे १७ तारखेपर्यंत सुटका होती. मात्र १८ उजाडल्यावर दिवस मोजले जातात ते मूळ तारखेपासून, म्हणजे १४ पासून. ते तीन दिवस वजा होत नाहीत. फी ७५० धरली, तर त्यावर १८ टक्के जीएसटी १३५ रुपये. झाले ८८५.

लोक इथेच थांबतात, पण मोठा चटका व्याजाचा असतो. पूर्ण बिल वेळेत भरलं तरच खरेदीवर व्याज माफ असतं. ते हुकलं की व्याज खरेदीच्या दिवसापासून धरलं जातं. दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दराने १८,४०० वर ५ ऑगस्ट ते २० सप्टेंबर या ४६ दिवसांचं व्याज साधारण ९७४ रुपये, आणि त्यावर जीएसटी १७५. एकूण भुर्दंड २,०३४ रुपयांचा. शिवाय पुढच्या महिन्यात नवीन खरेदी केली असेल, तर तिलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे व्याजाची एक शेपटी त्याच्या पुढच्या बिलातही येते. तीन दिवसांची सवलत लिहिली आहे ती लेट फीसाठी आणि ब्युरोसाठी. व्याजातही ती मिळते का, हे तुमच्या कार्डाच्या अटींमध्ये बघावं लागतं. फोनवर "तीन दिवस चालतात हो" असं कुणी म्हटलं, तर कशासाठी चालतात ते विचारा.

मग बिल खरंच भरलं गेलं हे ओळखायचं कसं? ॲपच्या पावतीवरून नाही. कार्डाच्या बँकेकडून "अमुक आकड्यांनी संपणाऱ्या कार्डासाठी पेमेंट मिळालं" असा एसएमएस यायला हवा, किंवा बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्ये कार्डाच्या व्यवहारांत जमेची नोंद दिसायला हवी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोन्हीपैकी काही नसेल, तर ॲपवरची पावती उघडा. तिच्यावर दोन नंबर असू शकतात. बारा आकडी यूटीआर हा यूपीआयचा, म्हणजे पहिल्या व्यवहाराचा. `B-Connect Txn ID` हा बिलाचा, म्हणजे दुसऱ्याचा. कॉल सेंटरला लोक यूटीआर वाचून दाखवतात आणि समोरचा म्हणतो "आमच्याकडे काही दिसत नाही". दिसणार कसं, तो व्यवहार त्या बँकेचा नव्हेच. बिलाचा नंबर द्या. तो पावतीवर नसेलच, तर ॲपला विचारा की पैसे कुठल्या मार्गाने पाठवले. त्याच व्यवहारावर ॲपमध्ये तक्रार नोंदवायची सोय असते. तिचा नंबर जपून ठेवा.

देय तारखेच्या आधी पैसे निघाले, दुसरा व्यवहारही यशस्वी दाखवतोय, आणि तरी बँकेने फी लावली, तर बँकेला लेखी कळवा. पावती जोडा आणि स्पष्ट विचारा: "हे पेमेंट तुम्ही कुठल्या तारखेचं धरलं?" फीबरोबर व्याज आणि दोन्हींवरचा जीएसटीही परत मागा. नुसती "फी माफ करा" अशी विनवणी केली, तर मेहेरबानी म्हणून फी जाते आणि व्याज तसंच राहतं. ब्युरोला थकबाकी कळवली असेल, तर ती दुरुस्त करायलाही त्याच पत्रात सांगा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते.

आणि पेमेंट प्रोसेसिंगमध्ये अडकलंय आणि आज शेवटची तारीख आहे, असं झालं तर? माझं मत सरळ आहे: हाताशी पैसे असतील, तर बँकेच्या साइटवरून पुन्हा भरा. पहिलं फेल झालं तर परत येईल. तेही यशस्वी झालं, तर जास्तीची रक्कम कार्डावर जमा दिसेल. ती पुढच्या बिलात वळती होते किंवा मागितल्यावर बचत खात्यात परत मिळते. एकच बघा. कार्डाला ऑटो-डेबिट लावलं असेल, तर ॲपचं पेमेंट नोंदलं जायच्या आधीच त्याची मागणी बचत खात्याकडे गेलेली असू शकते. अशा वेळी तिसऱ्यांदा पैसे कापले जातील आणि खात्यात शिल्लक नसेल, तर ते परतल्याचा दंड वेगळा लागेल. म्हणून दुसऱ्यांदा भरण्याआधी ऑटो-डेबिट आहे की नाही, ते बँकेच्या ॲपमध्ये पाहून घ्या.