सरकत्या गावावरचं ऊन

[दृश्य: क्रिता या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलेलं लांबट आडवं चित्र. लाल मातीची वाट, माड, जांभ्याची घरं, मागे डोंगर.]

कोकणातल्या वाडीतली वाट. दुपार कललेली. एक मुलगी डावीकडून उजवीकडे चालत जाणार आणि कॅमेरा तिच्याबरोबर सरकणार. आपल्याला तिच्यामागचं गाव रंगवायचं आहे, तीन थरांत: जवळ वाट आणि माड, मध्ये घरं, दूर डोंगर.

पडद्यावरची चौकट १९२० गुणिले १०८० पिक्सेलची. वाटेचा थर पूर्ण १९२० पिक्सेल सरकणार, म्हणून तो ३८४० रुंद हवा. घरं निम्म्या वेगाने सरकतात, त्यांना २८८० पुरतात. डोंगर पाचव्या हिश्शाने सरकतो, त्याला २३०४.

उन्हाचा घोळ होतो तो या वेगवेगळ्या वेगांमुळेच. समजा, सूर्य डोंगरावर, चित्रातच दाखवला. मग जमिनीवरच्या सगळ्या सावल्या एकाच बिंदूतून फाकतात: क्षितिजावर, सूर्याच्या बरोबर खाली. स्थिर चित्रात हे फार देखणं दिसतं. पण थर सरकू लागले की प्रत्येक थर आपला बिंदू बरोबर घेऊन निघतो. माडाची सावली एका सूर्याची वाटते, घराची दुसऱ्याच.

म्हणून सरकत्या पार्श्वभूमीला मी ऊन बाजूने घेतो. किरण चित्राच्या पृष्ठभागाला समांतर. अशा उन्हात सपाट जमिनीवर उभ्या वस्तूंच्या सावल्या सरळ आडव्या पडतात, आणि आडव्या रेषा कितीही सरकवल्या तरी आडव्याच राहतात.

[दृश्य: माडाच्या शेंड्यापासून जमिनीपर्यंत उतरणारी तिरकी रेषा.]

इथे ऊन डावीकडून, ४५ अंशांवर आहे. या कोनात सावलीची लांबी वस्तूच्या उंचीएवढीच असते: ६०० पिक्सेल उंच माड, ६०० पिक्सेल सावली. असिस्टंट टूलमध्ये Parallel Ruler घेऊन हा तिरका कोन एकदा आखून ठेवायचा. मग ब्रशच्या पर्यायांत Snap to Assistants चालू केलं की प्रत्येक शेंड्यावरून तीच रेषा उतरते, आणि ती जमिनीला टेकेल तिथे सावलीचं टोक.

याची किंमतही आहे. आपल्याकडे तोंड असलेल्या भिंतींना हे ऊन फक्त घासून जातं. काटेकोर हिशेबाने वळचणीची सावली त्यांच्यावर पडतच नाही आणि घरं सपाट दिसू लागतात. तिथे मी नियम मोडतो. कौलांखाली सावलीची अरुंद पट्टी देतो, पण प्रत्येक घराला सारख्याच प्रमाणात.

[दृश्य: लेयरची यादी. तीन ग्रुप.]

प्रत्येक थराचा एक ग्रुप. तळाशी मूळ रंग, त्यावर सावलीचा वेगळा लेयर: खालचा रंग गडद करणारा Multiply मोड, रंग निळसर जांभळा, आणि Inherit Alpha चालू, म्हणजे सावली खालच्या रंगाबाहेर जात नाही. रंग तिन्ही ग्रुपमध्ये तोच. गडदपणा मात्र जवळ ६० टक्के, मध्ये ४०, डोंगरावर २०, कारण मधली हवा सावल्या फिकट करते. ग्रुपचं Pass Through बंद हवं. ते चालू राहिलं तर सावली खालच्या ग्रुपवरही उतरते, आणि थर वेगळे करून बाहेर काढल्यावर चित्र बदलतं. आणि माड ज्या जमिनीवर सावली टाकतो ती जमीन माडाच्याच ग्रुपमध्ये ठेवायची, नाही तर चालत्या दृश्यात सावली बुंध्यापासून सुटते.

[दृश्य: झावळ्या रंगवणारा ब्रश.]

आता ब्रश. पानांच्या ब्रशच्या टोकातच कधी कधी उजेड-अंधार कोरलेला असतो. त्यात Rotation ला Fuzzy Dab जोडलेलं असेल तर प्रत्येक ठसा वाटेल तसा फिरतो, आणि उन्हाची बाजूही त्याच्याबरोबर फिरते. एकेक पान पाहिलं तर काही कळत नाही; लांबून पाहिलं की झाड राखाडी, दिशाहीन दिसतं. म्हणून माझा पानांचा ब्रश साध्या, एकरंगी टोकाचा आहे. पानं हवी तशी फिरोत, ऊन मात्र वेगळ्या लेयरवर हाताने द्यायचं.

असा ब्रश जमला की F5 दाबून ब्रश एडिटर उघडायचा आणि तो ब्रश नव्या नावाने साठवायचा. आकारही त्यात साठतो, म्हणून मी जवळच्या पानांचा आणि दूरच्या पानांचा असे दोन ठेवतो. या दोन्हींना एक टॅग देऊन .bundle फाइल केली की सोबतचा चित्रकार पुढचं दृश्य त्याच ब्रशांनी रंगवू शकतो. काम करताना केलेले तात्पुरते बदल मूळ ब्रशमध्ये आपोआप जात नाहीत. ते हवे असतील तर पुन्हा साठवावे लागतात.

[दृश्य: एक माड आडवा उलटवला जातो.]

एका माडाचे दोन करताना तो उलटवण्याचा मोह होतो. उलटवा, पण फक्त रंगाचा लेयर. सावलीचा लेयर उलटवला तर ऊन उजवीकडून येतं. तो नव्याने रंगवायला लागणारी दहा मिनिटं खर्च करावीत.

शेवटी घरांचा ग्रुप मूव्ह टूलने ९६० पिक्सेल डावीकडे ओढायचा, वाटेचा १९२०. आता माड वेगळ्याच घरांसमोर येतात. बुंध्याची उजळ कड आणि त्यामागच्या भिंतीची उजळ कड एकाच बाजूला आहे का, ते पाहायचं आणि मगच थर संकलकाकडे पाठवायचे.