दिवसाची बाटली, रात्रीची बाटली

कबड्डीच्या स्पर्धेआधी तपासणी होते आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या लघवीच्या रिपोर्टवर लिहून येतं, 'प्रोटीन २ प्लस'. आईच्या पोटात गोळा येतो. मुलाला ना सूज, ना लघवीतून रक्त, रक्तदाबही व्यवस्थित. नमुना मात्र सरावाहून आल्या आल्या दिलेला.

दमवणाऱ्या व्यायामानंतर लघवीतून प्रोटीन जातं आणि एक-दोन दिवसांत थांबतं. म्हणून डॉक्टर दोन दिवस सराव बंद ठेवून पुन्हा तपासायला सांगतात. या मुलाच्या दुपारच्या लघवीत प्रोटीन तरीही दिसलं. मग शंका येते ऑर्थोस्टॅटिक प्रोटीन्युरियाची. या वयातल्या काही मुलांमध्ये उभं असताना, चालता-फिरताना प्रोटीन गळतं. आडवं झालं की थांबतं. त्यातल्या काहींमध्ये उभं राहिल्यावर डाव्या मूत्रपिंडाची शीर दोन धमन्यांच्या बेचक्यात दाबली जाते.

खात्री करायला लागतात दोन बाटल्या आणि एक रविवार, कारण शाळेत बाटली घेऊन जायला कुठलं मूल तयार होईल? सकाळी ७ वाजताची लघवी टाकून द्यायची. तिथून रात्री ११ पर्यंतची प्रत्येक लघवी पहिल्या बाटलीत. त्या दिवशी खेळ नाही. आणि रात्री ९ लाच अंथरुणावर आडवं व्हायचं. ११ वाजता उठून केलेली लघवीही दिवसाच्याच बाटलीत जाते. त्यानंतर झोप. रात्री उठावं लागलं तर ती लघवी, आणि सकाळी ७ ला जाग येताच केलेली लघवी, दुसऱ्या बाटलीत. बाटल्या थंड जागी ठेवायच्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ११ वाजताच्या लघवीचा. ती राहून गेली, तर उभं असताना मूत्राशयात साठलेलं प्रोटीन रात्रीच्या बाटलीत उतरतं आणि निरोगी मूल आजारी ठरतं.

या मुलाचे आकडे असे धरू. दिवसाची लघवी ९०० मिली, दर १०० मिलीत ६० मिलिग्रॅम प्रोटीन. म्हणजे ५४० मिलिग्रॅम. रात्रीची ३५० मिली, दर १०० मिलीत ६. म्हणजे अवघे २१. आठ तासांच्या रात्री ५० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ते नॉर्मल धरतात.

इथे नीट लक्ष द्यायला हवं. रात्री प्रोटीन नुसतं कमी झालं, एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. मूत्रपिंडाच्या खऱ्या आजारातही झोपेत ते कमी होतं. रात्रीचे २१ ऐवजी १८० आले असते, तर दिवसाचा आकडा कितीही मोठा असला तरी मुलाला मूत्रपिंडतज्ज्ञांकडेच न्यायला हवं. लघवीत रक्त, अंगावर सूज किंवा वाढलेला रक्तदाब असेल तरीही तेच.

या मुलाला औषध नाही, पथ्य नाही, कबड्डीही बंद नाही. वर्षभराने सकाळची पहिली लघवी आणि रक्तदाब पुन्हा तपासायचा.