सातव्या क्रमांकाचा निष्कर्ष

जाहिरातींच्या रिपोर्टातले तक्ते आणि आलेख आपण सगळेच तयार करतो, त्यामुळे त्यांवर मी आपला वेळ घेणार नाही. मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या निष्कर्षांविषयी आणि त्यांच्या क्रमाविषयी, आणि त्यासाठी मी लिहिलेल्या एका रिपोर्टाची हकिगत आधी सांगतो.

हिशेब सोपा राहावा म्हणून त्या खात्याचा महिन्याचा एकूण खर्च १०० धरू. रिपोर्टात ९ निष्कर्ष होते आणि खात्यात कॅम्पेन ज्या क्रमाने दिसत होती, त्याच क्रमाने मी ते मांडले होते. पहिला डिस्प्ले कॅम्पेनचा सीटीआर निम्म्यावर आल्याचा होता. सातवा असा होता : ‘ब्रॉड मॅचमुळे सर्च कॅम्पेनची कामगिरी खालावली असून कीवर्डकडे लक्ष देण्याची गरज आहे.’ क्लायंटने पहिला निष्कर्ष वाचला, त्यावर बरीच चर्चा झाली, नवे बॅनर करायचे ठरले आणि बैठकीची वेळ संपली. डिस्प्लेवर १०० पैकी ३ खर्च होत होते आणि सर्चवर ६०. सर्चमधली गळती पुढचा अख्खा महिना तशीच चालू राहिली. यात क्लायंटची चूक नव्हती, कारण पहिल्या क्रमांकावर जे लिहिले आहे तेच सर्वांत महत्त्वाचे, असे कोणीही वाचक गृहीत धरतो.

आता तो सातवा निष्कर्ष नीट पाहू. त्यात निरीक्षण, कारण आणि कृती या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात कालवल्या गेल्या आहेत आणि त्यांपैकी एकही पूर्ण नाही. निरीक्षण म्हणजे ज्याविषयी वाद होऊच शकत नाही असा आकडा. मागच्या महिन्यात सर्चवरच्या ६० मध्ये ३० लीड आल्या, या महिन्यात तेवढ्याच खर्चात २० आल्या, म्हणजे एका लीडचा खर्च २ वरून ३ झाला. निरीक्षण इथे थांबते.

कारण लिहिताना सर्वाधिक फसगत होते. ‘क्लिकमागे लीड कमी मिळाल्यामुळे लीड महागली’ हे वाक्य कारणासारखे दिसते, पण एका लीडचा खर्च म्हणजेच एका क्लिकचा खर्च भागिले क्लिकमागे मिळणाऱ्या लीडचे प्रमाण. तेव्हा ते निरीक्षणच दुसऱ्या शब्दांत सांगितलेले असते. त्याने शोधाची दिशा मात्र कळते : क्लिकचा भाव तोच आहे, तर क्लिक करणारे लोक बदलले की क्लिकनंतरचे पान बिघडले? सर्च टर्म्स रिपोर्ट उघडल्यावर दिसले की कीवर्ड फ्रेज मॅचवरून ब्रॉड मॅचवर नेल्यापासून ‘नोकरी’, ‘मोफत’ अशा शब्दांच्या शोधांवर २४ खर्च झाले होते आणि त्यांतून एकही लीड आली नव्हती. हा संशय तपासण्याची एक साधी रीत आहे. संशयित भाग बाजूला काढावा आणि आकडा पूर्वपदावर येतो का ते पाहावे. उरलेल्या ३६ मध्ये २० लीड, म्हणजे एकीचा खर्च १.८, जवळपास मागच्या महिन्याइतकाच. तो अजूनही २.८ आला असता, तर कारण दुसरीकडे शोधावे लागले असते.

कृतीही तितकीच नेमकी हवी : ते शब्द निगेटिव्ह कीवर्ड म्हणून आजच घालणे, कीवर्ड पुन्हा फ्रेज मॅचवर नेणे, हे कोण करणार त्याचे नाव लिहिणे आणि दोन आठवड्यांनी एका लीडचा खर्च २ च्या आसपास आला का ते पाहणे.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून क्रमाचा मुद्दा, जो खरे तर आजचा विषय होता, थोडक्यात सांगतो. ज्या निष्कर्षात जास्त पैसा पणाला लागला आहे तो आधी मांडावा. पणाला लागलेला पैसा म्हणजे कॅम्पेनचा एकूण खर्च नव्हे; सुचवलेल्या कृतीने जेवढा पैसा वाचेल किंवा मार्गी लागेल तेवढाच. सर्चसाठी तो ६० नसून २४ आहे, आणि डिस्प्ले पूर्ण बंद केले तरी तो ३ च्या वर जात नाही. हा आकडा प्रत्येक निष्कर्षाच्या सुरुवातीलाच लिहावा. कमी वेळा शोधले गेलेले शब्द गूगलच्या सर्च टर्म्स रिपोर्टात दिसत नाहीत, म्हणून ‘किमान २४’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते. बजेट अपुरे पडल्यामुळे हुकलेल्या लीडचा आकडा अंदाजाचा असतो. तो प्रत्यक्ष वाया गेलेल्या पैशांत मिसळू नये, वेगळा दाखवावा. आणि लीड मोजणारा टॅगच बंद पडला असेल, तर तो निष्कर्ष सर्वांत वर जातो, कारण त्या मोजमापावर चालणारा सगळाच खर्च तेव्हा आंधळेपणाने होत असतो.

त्या रिपोर्टातले ९ निष्कर्ष मी नंतर याच रीतीने पुन्हा लिहून पाहिले. सातवा पहिला झाला, पहिला पाचव्यावर गेला, आणि तीन निष्कर्षांपुढे पैशाचा आकडा मला लिहिताच आला नाही, म्हणून ते मी परिशिष्टात हलवले.